अँटी-टीएनएफ औषध सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी का आणि कशी: आयबीडीच्या रुग्णांसाठी सविस्तर मार्गदर्शक

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या दोन आजारांना मिळून आयबीडी म्हणतात. स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन घेऊनही आजार आटोक्यात येत नाही, किंवा स्टिरॉइडचा डोस कमी करताच तो पुन्हा उफाळतो, तेव्हा डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅब यांसारख्या अँटी-टीएनएफ बायोलॉजिक औषधाचा पर्याय समोर ठेवतात. मुंबईत हा सल्ला मिळालेल्या रुग्णाच्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. आजार पोटाचा आहे, मग छातीचा सीटी स्कॅन, हातावर टोचून करायची चाचणी आणि रक्ताची एक महागडी तपासणी कशासाठी? आणि रुग्णाला रोज त्रास होत असताना औषध महिनाभर पुढे का ढकलायचे? या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या कामाच्या पद्धतीतच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

औषध नेमके काय करते

टीएनएफ हे आपल्याच शरीरात तयार होणारे एक प्रथिन आहे. भक्षक पेशी आणि टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी ते तयार करतात आणि त्याच्या मार्फत इतर पेशींना दाहाचा संदेश देतात. आयबीडीमध्ये आतड्याच्या अस्तरात हा संदेश थांबतच नाही. नव्या दाहक पेशी रक्तातून अस्तराकडे खेचल्या जातात, अस्तराला जखमा होतात, जखमांमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे टीएनएफ आणखी तयार होते. इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडालिमुमॅब ही प्रतिपिंडे आहेत. ती टीएनएफला चिकटतात आणि त्याला निष्प्रभ करतात. रक्तात आणि ऊतींमध्ये मोकळ्या फिरणाऱ्या टीएनएफला तर ती पकडतातच, पण पेशींच्या पृष्ठभागावर बसलेल्या टीएनएफलाही पकडतात, आणि त्यामुळे आतड्यात ठाण मांडून बसलेल्या टी-पेशी मरतात असे मानले जाते.

हा दुसरा गुण महत्त्वाचा आहे. एटानरसेप्ट नावाचे याच गटातले एक औषध संधिवातात चांगले चालते, पण क्रोन्समध्ये त्याचा उपयोग होत नाही. ते मुख्यतः मोकळ्या टीएनएफवर काम करते आणि पेशींवरच्या टीएनएफवर त्याची पकड कमकुवत असते. त्याच्यामुळे टीबी उफाळण्याचा धोकाही इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडालिमुमॅबपेक्षा कमी आढळला आहे. म्हणजे ज्या गुणामुळे ही दोन औषधे आतड्यावर प्रभावी ठरतात, त्याच गुणाशी टीबीचा धोका जोडलेला दिसतो.

टीबीचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरले की बहुतेक माणसे आजारी पडत नाहीत. भक्षक पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याभोवती टी-पेशी गोळा होतात आणि पेशींची एक घट्ट गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. गाठीत कोंडलेले सगळे जंतू मरतात असे नाही. काही जंतू वर्षानुवर्षे तिथेच निपचित राहतात आणि माणूस ठणठणीत असतो. याला सुप्त संसर्ग म्हणतात. ही गाठ एकदा बांधून झाली की काम संपले असे मात्र नाही. ती टिकून राहण्यासाठी आणि आतल्या भक्षक पेशींना जंतू दाबून ठेवता यावेत यासाठी टीएनएफचा पुरवठा सतत लागतो. औषधाने तो तोडला की गाठ सैल होते आणि जंतू बाहेर पडतात.

इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ साली मान्यता मिळाली आणि २००१ सालीच या औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या रुग्णांना औषध सुरू केल्यापासून साधारण १२ आठवड्यांच्या आतच टीबी झाला होता, म्हणजे हे मुख्यतः जुन्या संसर्गाचे उफाळणे होते. शिवाय ७० पैकी ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. एरवी टीबी म्हटले की आपण खोकला शोधतो. इथे खोकला नसतानाही टीबी पोटात, लसिकाग्रंथींत किंवा मेंदूच्या आवरणात असू शकतो. जंतूंना एका जागी रोखून धरणारी व्यवस्थाच सैल झालेली असल्यामुळे ते सहज पसरतात.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात १५ वर्षांवरील साधारण ३१ टक्के लोकांमध्ये टीबीचा संसर्ग आढळला. म्हणजे अँटी-टीएनएफ घ्यायला बसलेल्या तीन माणसांपैकी एकाच्या शरीरात हे जंतू असू शकतात असे धरूनच सुरुवात करावी लागते.

पहिली पायरी: आजार क्रोन्सच आहे ना?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. क्रोन्समध्ये मात्र तो सर्वांत आधी विचारला पाहिजे, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्या आतड्याची सुरुवात याच भागात बसतात, दोन्हींत पोटदुखी, ताप आणि वजन घटणे असते, आणि बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा दिसू शकतात. टीबीच्या रुग्णाला क्रोन्स समजून इन्फ्लिक्सिमॅब दिले, तर सुप्त नव्हे तर चालू टीबीवरच ते औषध पडते, आणि त्याचे परिणाम जिवावर बेतू शकतात.

फरक दाखवणाऱ्या काही खुणा आहेत. कोलोनोस्कोपीत आतड्याला आडवे वेढणारे व्रण आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप उघडी पडलेली दिसली तर संशय टीबीकडे झुकतो. लांबट उभे व्रण, मधले मधले निरोगी पट्टे आणि गुदद्वाराजवळचा फिस्टुला, म्हणजे आतड्यातून त्वचेपर्यंत पडलेली वाट, असेल तर क्रोन्सकडे. पोटाच्या सीटीत मध्यभाग मृत झालेल्या लसिकाग्रंथी दिसणे हे टीबीच्या बाजूचे भक्कम लक्षण आहे. बायोप्सीच्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करतात, पण आतड्याच्या तुकड्यात जंतू थोडे असल्यामुळे जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असे म्हणता येत नाही. म्हणून आपल्याकडे शंका उरली की आधी टीबीची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी कोलोनोस्कोपी पुन्हा करण्याची पद्धत आहे. टीबी असेल तर तेवढ्या काळात व्रण भरलेले दिसतात. फक्त बरे वाटते आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर काही काळ बरे वाटते आणि व्रण मात्र तसेच राहतात. तुमचे क्रोन्सचे निदान दुसऱ्या गावी किंवा बऱ्याच वर्षांपूर्वी झाले असेल, तर मूळ कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे अहवाल आताच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

दुसरी पायरी: घरातल्या टीबीची चौकशी

अहवालांच्या गर्दीत सर्वांत हलक्यात घेतली जाते ती ही पायरी, आणि माझ्या मते मुंबईत तिचे वजन कोणत्याही रक्ततपासणीइतके आहे. “घरात कुणाला टीबी झाला होता का?” असे विचारले की लोक पटकन “नाही” म्हणतात. प्रश्न उलगडून विचारावा लागतो. घरात कुणी सहा महिने रोज गोळ्या घेतल्या होत्या का? कुणाच्या छातीतून पाणी काढले होते का? कुणाच्या मानेच्या गाठी चिरल्या होत्या का? एकाच खोलीत झोपणारे सासरे, गावाहून उपचारांसाठी येऊन राहिलेला दीर, हॉस्टेलमधली मैत्रीण, यांपैकी कुणाचेही उत्तर “हो” असू शकते.

उत्तर “हो” आले तर पुढचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: त्या माणसाचा टीबी नेहमीच्या औषधांनी बरा झाला की औषधांना दाद न देणारा होता? मुंबईत औषधप्रतिरोधक टीबी मोठ्या प्रमाणावर आहे. प्रतिबंधासाठी नेहमी दिले जाणारे औषध आयसोनियाझिड आहे, आणि बहुऔषधप्रतिरोधक जंतूंवर ते चालतच नाही. अशा रुग्णाच्या सहवासात राहिलेल्यांसाठी आयसोनियाझिडऐवजी सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिनचा पर्याय आहे, तोही त्या रुग्णाचे जंतू लिव्होफ्लॉक्सासिनला दाद देणारे असतील तरच. म्हणून घरातल्या त्या रुग्णाचा जीनएक्सपर्ट किंवा कल्चरचा जुना कागद शोधून काढा. घरी नसेल तर ज्या महापालिका दवाखान्यातून औषधे घेतली होती तिथे नोंद असण्याची शक्यता आहे.

तिसरी पायरी: चाचण्या, आणि त्या कधी करायच्या

सुप्त संसर्ग थेट दाखवणारी एकही चाचणी नाही. उपलब्ध चाचण्या एवढेच तपासतात की आपल्या टी-पेशी टीबीच्या जंतूंना ओळखतात का. स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन याच टी-पेशींना दाबतात. त्यामुळे सहा आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची चाचणी निगेटिव्ह आली तर संसर्ग नाही आणि पेशी थंडावल्या आहेत, या दोन्ही शक्यता उघड्या राहतात. यावरून निघणारा व्यावहारिक नियम सरळ आहे. आयबीडीचे निदान झाले की स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वीच टीबीच्या चाचण्या करून घ्याव्यात, बायोलॉजिक औषधाचा विषय निघण्याची वाट पाहू नये.

माँटू चाचणीत हाताच्या पुढच्या भागावर त्वचेच्या आत थोडे ट्युबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेली प्रथिने, टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी मोजमाप करतात. मोजायचा असतो तो टणक उंचवटा. भोवतीची लाली मोजायची नसते. बॉलपेन उंचवट्याच्या दिशेने दोन्ही बाजूंनी सरकवत आणायचे, जिथे ते अडते तिथे खूण करायची आणि हाताच्या आडव्या दिशेने दोन खुणांमधले अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. अहवालात नुसते “निगेटिव्ह” लिहिलेले असेल तर आकडा मागून घ्या, कारण प्रयोगशाळेने १० मिलिमीटरची सर्वसाधारण मर्यादा लावलेली असू शकते आणि तुमच्यासाठी ती चुकीची आहे. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळेही माँटू कधी कधी पॉझिटिव्ह येते. टीबीच्या जंतूंमध्ये असलेली पण बीसीजीमध्ये नसलेली प्रथिने वापरणारी सी-टीबी ही त्वचेची नवी चाचणी आता आपल्याकडे उपलब्ध आहे आणि तिच्यात ही अडचण येत नाही.

आयग्रा ही रक्ताची चाचणीही बीसीजीमुळे फसत नाही. क्वांटिफेरॉन प्लस या प्रकारात रक्त चार नळ्यांत घेतात. एक कोरी, दोन टीबीच्या प्रथिनांच्या आणि एक मायटोजेनची, म्हणजे पेशी मुळात जाग्या आहेत का हे तपासणारी. पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा प्रत्येक नळीत मोजतात. टीबीच्या नळीतला आकडा कोऱ्या नळीतल्या आकड्यापेक्षा किमान ०.३५ ने आणि ठरलेल्या टक्केवारीने जास्त असेल तर चाचणी पॉझिटिव्ह. मायटोजेनच्या नळीतही पेशी पुरेशा जाग्या झाल्या नाहीत तर अहवाल “अनिर्णित” येतो. अनिर्णित म्हणजे निगेटिव्ह नव्हे. फाइलवर मात्र तो अनेकदा निगेटिव्हसारखाच वाचला जातो.

इथे मुंबईकरांनी एक काळजी जरूर घ्यावी. नेहमीच्या पद्धतीत या नळ्या रक्त घेतल्यापासून १६ तासांच्या आत उबवणी यंत्रात जायला हव्यात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेने संध्याकाळी रक्त घेतले आणि नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य प्रयोगशाळेत पोचला, तर पेशी मंदावून चाचणी बिघडू शकते. रक्त सकाळी आणि शक्यतो चाचणी होणाऱ्या केंद्रातच द्यावे. माँटू आणि आयग्रा दोन्ही करणार असाल तर आयग्राचे रक्त आधी द्यावे.

या चाचण्या संसर्ग सुचवतात, तो सुप्त आहे की चालू हे सांगत नाहीत. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर छातीचा सीटी करतात. टीबीचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी सीटीवर होणारा खर्च मला योग्य वाटतो, कारण एक्स-रेत लपलेल्या ग्रंथी आणि फुप्फुसाच्या शेंड्यावरचे जुने व्रण सीटीत दिसतात. याच फेरीत हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणीही उरकतात, कारण हिपॅटायटिस बीदेखील या औषधांनी उफाळू शकतो.

एका रुग्णाचे उदाहरण

हे सगळे एकत्र कसे येते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण आपल्याकडे अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. लालबागच्या चाळीत राहणारी ३१ वर्षांची विवाहिता, वजन ५२ किलो. दोन वर्षांपूर्वी क्रोन्सचे निदान झाले आहे, ती अझाथायोप्रिन १०० मिलिग्रॅम घेते आहे, आणि प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमच्या खाली आणले की तिचे पोट पुन्हा दुखू लागते. आता गुदद्वाराजवळ फिस्टुला झाला आहे. फिस्टुला असलेल्या क्रोन्समध्ये इन्फ्लिक्सिमॅबचा उपयोग चांगला होतो, त्यामुळे औषधाची निवड योग्य आहे. एमआरआयमध्ये फिस्टुलाच्या आत पू साठलेला आढळला, तो शल्यचिकित्सकाने आधी काढला, कारण साठलेला पू आत ठेवून हे औषध देता येत नाही.

तिची माँटू ४ मिलिमीटर आली, आयग्रा अनिर्णित आली आणि एक्स-रे स्वच्छ होता. वरवर पाहिले तर अडथळा नाही. पण ती महिनोन्‌महिने स्टिरॉइडवर आहे, त्यामुळे ४ मिलिमीटरवर भरवसा ठेवता येत नाही आणि अनिर्णित आयग्रा काहीच सांगत नाही. प्रश्न उलगडून विचारल्यावर कळले की पाच वर्षांपूर्वी सासऱ्यांनी छातीच्या टीबीची औषधे सहा महिने घेतली होती आणि तेव्हा सगळे एकाच खोलीत राहत होते. सीटीत फुप्फुसाच्या शेंड्यावर जुना व्रण आणि चुना साठलेली एक लहान ग्रंथी दिसली. ताप नाही, खोकला नाही, सीटीत ताजा आजार नाही. निष्कर्ष असा की चालू टीबी नाही, पण जुना संसर्ग असण्याची शक्यता एवढी मोठी आहे की दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह नसल्या तरी प्रतिबंधक उपचार द्यायला हवेत. सासरे सहा महिन्यांच्या नेहमीच्या औषधांनी बरे झाले होते आणि पुढे त्यांना त्रास झाला नाही, म्हणून आयसोनियाझिड चालेल असे मानायला आधार आहे.

सीटीत ताजा डाग दिसला असता तर मार्ग वेगळा झाला असता. तेव्हा एकटे आयसोनियाझिड देणे घातक ठरते, कारण चालू टीबीत असंख्य जंतू असतात आणि एकाच औषधासमोर प्रतिरोधक जंतू निवडून वाढतात. अशा वेळी थुंकीची किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवाची जीनएक्सपर्ट तपासणी, निदान, आणि टीबीचा पूर्ण उपचार हा क्रम लागतो.

चौथी पायरी: प्रतिबंधक उपचार आणि महिनाभराचे थांबणे

लालबागच्या त्या रुग्णाला आयसोनियाझिड रोज ३०० मिलिग्रॅम सहा महिन्यांसाठी सुरू झाले, सोबत हातापायांतल्या नसांना इजा होऊ नये म्हणून पायरिडॉक्सिन. आठवड्यातून एकदा याप्रमाणे बारा आठवडे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र घेण्याचा छोटा पर्यायही आहे आणि तो पूर्ण करणे लोकांना सोपे जाते. पण रिफापेंटिन आणि रिफाम्पिसिन यकृतातील विकरे वाढवतात आणि त्यामुळे रक्तातले प्रेडनिसोलोन कमी होते. स्टिरॉइडवर तग धरून असलेल्या रुग्णाचे पोट अशाने बिघडू शकते, म्हणून तिच्यासाठी एकटे आयसोनियाझिड बरे.

या काळात यकृतावर लक्ष ठेवावे लागते. अझाथायोप्रिनही यकृताला त्रास देऊ शकते, आता त्यात आयसोनियाझिडची भर पडते. सुरुवातीला, दोन आठवड्यांनी, चौथ्या आठवड्यात आणि पुढे दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी करावी. एएलटी हा घटक सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेला आणि सोबत मळमळ, भूक मंदावणे किंवा कावीळ असेल, किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीवर गेला, तर आयसोनियाझिड थांबवून डॉक्टरांना गाठावे. घरी बसून “पित्त झाले असेल” म्हणून गोळ्या चालू ठेवणे हे इथले सर्वांत घातक वळण आहे. मद्यपान या सहा महिन्यांत पूर्ण वर्ज्य.

इन्फ्लिक्सिमॅबचा पहिला डोस आयसोनियाझिड सुरू केल्यापासून साधारण चार आठवड्यांनी दिला जातो. तेवढ्या काळात जंतूंची संख्या बरीच खाली येते आणि आयसोनियाझिड यकृताला सोसते की नाही हेही कळते. सहा महिन्यांचा कोर्स मात्र इन्फ्लिक्सिमॅब सुरू झाल्यावरही पुरा करायचा असतो. पोट बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात, आणि त्याच वेळी त्यांची गरज सर्वांत जास्त असते. अँटी-टीएनएफ सुरू होणारे रुग्ण हा राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाच्या २०२१ च्या प्रतिबंधक उपचार मार्गदर्शिकेत नमूद केलेला गट आहे, त्यामुळे महापालिकेच्या टीबी केंद्रात या औषधांबद्दल चौकशी करता येते.

पाचवी पायरी: डोस

इन्फ्लिक्सिमॅबचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. ५२ किलोला २६० मिलिग्रॅम होतात, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या लागतात. पहिला डोस, त्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि मग दर आठ आठवड्यांनी, असे वेळापत्रक असते. औषध सलाइनमधून साधारण दोन तासांत देतात आणि नंतर काही वेळ रुग्णाला तिथेच थांबवतात, कारण अंगावर पित्त उठणे, छाती दडपणे किंवा थंडी वाजणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. अॅडालिमुमॅब त्वचेखाली घ्यायचे असते: प्रौढांना आधी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी ४०. ते घरी घेता येते, आणि म्हणूनच तिथे रुग्ण नकळत देखरेखीबाहेर जातो. इन्फ्लिक्सिमॅबसाठी दर आठ आठवड्यांनी केंद्रात यावेच लागते, तिथे कुणीतरी ताप आणि वजन विचारते. अॅडालिमुमॅब घेणाऱ्यांनी हा प्रश्न दर महिन्याला स्वतःलाच विचारावा आणि वजन वहीत लिहून ठेवावे.

सहावी पायरी: ताप आला तर

सगळ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या किंवा प्रतिबंधक कोर्स पुरा झाला, तरी टीबीचा धोका शून्य होत नाही. चाचणी जुना संसर्ग चुकवू शकते, आणि मुंबईत नवा संसर्गही होऊ शकतो, कारण लोकलची गर्दी, बंद कार्यालये आणि दाटीची घरे रोजचीच आहेत. पहिले सहा महिने ते वर्षभर विशेष जपावे, पण पुढेही सावध राहावे.

संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, कारणाशिवाय घटणारे वजन, मानेत किंवा काखेत गाठ, पोटात पाणी होणे, सतत वाढणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही आठवडाभर टिकले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना कळवा. पोटदुखी आणि जुलाब पुन्हा सुरू झाले तर ते क्रोन्सच असेल असेही गृहीत धरू नका. त्या वेळी डोस वाढवण्यापूर्वी आतड्यात टीबी तर नाही ना हे पाहिले पाहिजे.

पावसाळ्यात मुंबईत आलेला प्रत्येक ताप आधी डेंग्यू आणि मलेरियाच्या खात्यात जातो, आणि ते योग्यच आहे, त्या तपासण्या व्हायला हव्यात. अडचण पुढे होते. दोन्ही निगेटिव्ह आले की जवळच्या दवाखान्यात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनचा पाच-सात दिवसांचा कोर्स मिळतो. ही औषधे टीबीच्या जंतूंवरही काम करतात. ताप आठवडाभर उतरतो, थुंकीची किंवा गाठीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, निदान महिनाभर लांबते, आणि अर्धवट उपचारांतून प्रतिरोधक जंतू तयार होण्याचा धोका वाढतो. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे जाताना “मी इन्फ्लिक्सिमॅब घेतो” किंवा “मी अॅडालिमुमॅब घेते” हे पहिल्या वाक्यात सांगा, औषधाचे नाव लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा, आणि ही अँटिबायोटिक्स देण्यापूर्वी तुमच्या आतड्याच्या डॉक्टरांशी बोलण्याची विनंती करा. लालबागच्या त्या रुग्णाला तिसऱ्या महिन्यात ताप आला असे समजू. तिचा पुढचा डोस थांबवायचा, छातीचा आणि पोटाचा सीटी करायचा, आणि फिस्टुलात पुन्हा पू झाला आहे का हे एमआरआयने पाहायचे. पू निघाला तरी टीबीचा शोध अर्ध्यावर सोडायचा नाही.

वेळच नसेल तेव्हा

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीव्र झटक्यात रुग्ण दिवसातून अनेक वेळा रक्ताच्या जुलाबांनी त्रस्त होऊन दाखल होतो. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडचा तीन ते पाच दिवसांत उपयोग झाला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया यांतून निवड करावी लागते. इथे चार आठवडे थांबणे शक्य नाही. म्हणून अशा रुग्णाच्या आयग्राचे रक्त दाखल झाल्याच्या दिवशीच, स्टिरॉइडच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायला हवे आणि छातीचा एक्स-रेही त्याच दिवशी काढायला हवा. नातेवाइकांनी हे आठवण करून देण्यात काहीही गैर नाही. चालू टीबी नसेल आणि सुप्त संसर्ग निघाला, तर जिवाचा धोका पाहून डॉक्टर दोन्ही औषधे जवळजवळ एकत्र सुरू करण्याचा निर्णय घेऊ शकतात. हा धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो, त्यामुळे नंतरची देखरेख अधिक कडक लागते.

औषध चालू असताना टीबी झालाच तर

अँटी-टीएनएफ ताबडतोब थांबवतात आणि जंतूंच्या औषधसंवेदनशीलतेचा अहवाल पाहून टीबीचा पूर्ण उपचार सुरू करतात. इन्फ्लिक्सिमॅबचा परिणाम शेवटच्या डोसनंतरही कित्येक आठवडे टिकतो. तो ओसरू लागला आणि प्रतिकारशक्ती परत आली की काही रुग्णांमध्ये योग्य उपचार चालू असतानाही ताप वाढतो किंवा गाठी मोठ्या होतात. अशा वेळी उपचार फसले असे समजून ते सोडू नयेत. औषधप्रतिरोध नाही ना हे तपासून डॉक्टर प्रसंगी काही काळ स्टिरॉइडची जोड देतात.

या काळात आतड्याचा आजार सांभाळावा लागतोच. पोटाला सोसतील ती मेसालामाइनसारखी औषधे, आहारातून दिले जाणारे द्रव पोषण, आणि गरज पडल्यास वेडोलिझुमॅब हे पर्याय असतात. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पेशींना अडवते, त्यामुळे फुप्फुसातल्या ग्रॅन्युलोमावर त्याचा परिणाम अँटी-टीएनएफपेक्षा पुष्कळ कमी असतो, मात्र त्याचा गुण यायला वेळ लागतो. अँटी-टीएनएफ पुन्हा देणे अपरिहार्य झाले तर टीबीच्या उपचारांचे किमान दोन महिने पूर्ण होऊन रुग्णाने चांगला प्रतिसाद दिलेला असावा लागतो, आणि घाई नसेल तर संपूर्ण कोर्स संपेपर्यंत थांबणे अधिक सुरक्षित. औषधप्रतिरोधक टीबी असेल तर हा निर्णय आतड्याचे आणि छातीचे अशा दोन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसूनच घ्यावा.